सगळ्यांना सारखी फी म्हणजे कोणाला सारखी?

‘परीक्षा जगाची आहे, तर फीसुद्धा जगाचीच असणार. डॉलर सगळ्यांना सारखाच. बँक वर तीन-चार टक्के घेते, त्याचा एवढा बाऊ कशाला? आणि सवलत मागून दिलेल्या परीक्षेला किंमत ती काय राहणार?’ चेन्नईजवळच्या ओरगडम पट्ट्यात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींत हे मत वरचेवर ऐकू येते. ते मांडणारे बहुतेक वरिष्ठ पदावरचे असतात, स्वतः कष्टाने वर आलेले असतात, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. तरुण मुले ते ऐकतात आणि गप्प बसतात. मला हे मत चुकीचे वाटते, आणि त्याने नुकसान होते म्हणून ते खोडून काढायला हवे. सारखी फी हा न्याय आहे, बँकेचा आकार किरकोळ आहे आणि सवलत मागणे कमीपणाचे आहे, अशी त्याची तीन अंगे आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे हिशेब मांडता येतो.

ओरगडम हे श्रीपेरुंबुदूर आणि सिंगपेरुमाळ कोविल यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे, कांचीपुरम जिल्ह्यातले वाहन उद्योगाचे ठाणे. रेनो-निस्सानचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला, नंतर डाइमलरचे ट्रक आणि रॉयल एनफिल्डच्या मोटारसायकली इथे बनू लागल्या. पुणे-चाकणकडून इथे येणाऱ्यांत अभियंते असतात, तसे कॉस्टिंग आणि फायनान्स विभागात काम करणारेही असतात. त्यांच्यातल्या अनेकांना सीएफए ही परीक्षा खुणावते. ती घेणारी सीएफए इन्स्टिट्यूट अमेरिकेतली, फी डॉलरमध्ये, परीक्षा केंद्र मात्र चेन्नईतच. म्हणजे परीक्षार्थी देशाबाहेर पाऊलही टाकत नाही, फक्त त्याचा पैसा जातो.

एक उदाहरण घेऊ. मिरजेकडची एक मुलगी, बी.कॉम. झालेली, ओरगडमच्या एका कारखान्यात कॉस्टिंगमध्ये, हातात महिना चाळीस हजार रुपये. २०२५ मध्ये पहिल्या पातळीची परीक्षा द्यायची तर एकदाच भरायचे नावनोंदणी शुल्क ३५० डॉलर आणि लवकर नोंदणी केल्यास परीक्षेचे ९९० डॉलर, मिळून १,३४० डॉलर. डॉलर ८६ रुपये धरला तर १,१५,२४० रुपये झाले. परकीय चलनातल्या व्यवहारावर बहुतेक कार्डे साडेतीन टक्के मार्कअप लावतात, ते ४,०३३ रुपये. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, ७२६ रुपये. कार्डावर एकूण जवळपास १,२०,००० रुपये पडले. फीवर काही कर लागू असेल तर तो वेगळा. म्हणजे बँकेचा वाटा ४,७५९ रुपये, साधारण चार टक्के. ‘बघा, चारच टक्के’ असे वरिष्ठ म्हणतील. इथवर त्यांचे बरोबर आहे.

पण हे चार टक्के भरण्यासाठी आधी कार्ड चालावे लागते, आणि अडते ते नेमके तिथे. या मुलीचे जुने खाते गावाकडच्या नागरी सहकारी बँकेत आहे आणि त्यावर रूपे डेबिट कार्ड आहे. देशांतर्गत वापराचे रूपे कार्ड परदेशी विक्रेत्याकडे चालतच नाही. आंतरराष्ट्रीय रूपे कार्ड डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या जाळ्यावर चालते, पण समोरची संस्था त्यांपैकी एखादे जाळे घेत असेल तरच. दुसरे कार्ड पगाराच्या खात्याचे, व्हिसाचे आहे. त्यावर परदेशी व्यवहार बंद आहेत, आणि ते तिने बंद केलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या परिपत्रकानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालू असते. ऑनलाइन वापर आणि परदेशी वापर ही दोन वेगळी बटणे बँकेच्या अॅपमध्ये ग्राहकाने स्वतः चालू करायची असतात आणि प्रत्येकाची मर्यादाही ठरवायची असते. नियम चांगला आहे, त्याने चोऱ्या थांबतात. पण पहिल्यांदाच परदेशी फी भरणाऱ्याला तो कोणी सांगत नाही.

बटण चालू केले तरी डेबिट कार्डाच्या दिवसाच्या ऑनलाइन मर्यादेचा प्रश्न उरतोच. साध्या कार्डांवर ती अनेकदा लाखाच्या बरीच आत असते, आणि १,३४० डॉलर ही रक्कम एकाच व्यवहारात जावी लागते. तिसरे कार्ड क्रेडिट कार्ड, त्याची मर्यादा एक लाख. लागतात एक लाख वीस हजार. खात्यात पैसे असूनही फी भरली जात नाही.

आता खरा तोटा बघा. ती मर्यादा वाढवून घ्यायला अर्ज करते, उत्तराची वाट बघते, मग कोणाकडे तरी कार्ड मागते, आणि लवकर नोंदणीची तारीख निघून जाते. २०२५ मध्ये त्यानंतरची फी ९९० ऐवजी १,२९० डॉलर होती. हा ३०० डॉलरचा फरक मार्कअप आणि त्यावरचा कर धरून २६,८०० रुपयांच्या पुढे जातो, म्हणजे ज्याला किरकोळ म्हटले त्या बँकेच्या आकाराच्या साडेपाच पट. चार टक्क्यांच्या हिशेबात हा आकडा कुठेच दिसत नाही, कारण ज्यांची कार्डे मोठ्या मर्यादेची असतात त्यांना तो कधी भरावाच लागत नाही. बँकेचा आकार बहुतेकांना सारख्याच टक्क्याने लागतो, हे दंडासारखे येणारे २६,८०० रुपये मात्र कमी मर्यादेच्या कार्डवाल्यालाच भरावे लागतात. ‘तीन-चार टक्क्यांचा बाऊ’ असे म्हणणाऱ्यांनी हा फरक समोर ठेवून बोलावे.

व्यवहार नाकारला गेला की पाच-सहा वेळा पुन्हा बटण दाबणे ही सगळ्यात वाईट प्रतिक्रिया. बँकेच्या फसवणूकरोधक यंत्रणेला तो प्रकार संशयास्पद वाटतो आणि चांगले कार्डही अडवले जाते. त्याऐवजी फोनवर आलेला संदेश वाचावा. परदेशी व्यवहार बंद असल्याचा किंवा मर्यादा ओलांडल्याचा संदेश बँकेकडून आला असेल तर अडचण आपल्या बाजूला आहे आणि अॅपमध्ये सुटू शकते. बँकेकडून काहीच आले नसेल तर विनंती बहुधा बँकेपर्यंत पोहोचलीच नाही. अशा वेळी जाळे जुळत नसते किंवा संस्थेच्या पानावरच घोटाळा असतो, तिथे बँकेला फोन करून उपयोग नाही. कधीकधी पैसे अडकल्यासारखे दिसतात, पण नोंदणी झालेली नसते. ती रक्कम फक्त रोखून ठेवलेली असते आणि काही दिवसांत सुटते. पण तोवर कार्डाची मर्यादा तेवढी कमी झालेली असते, म्हणून लगेच दुसरा प्रयत्न केला तर तोही पडतो. परदेशी संकेतस्थळावर ओटीपी न मागताच पैसे जाऊ शकतात हेही माहीत असावे. ओटीपीची वाट बघत पुन्हा बटण दाबणाऱ्याची फी दोनदा कापली जाण्याची भीती असते. परतावा मिळाला तरी तो त्या दिवसाच्या दराने येतो, आणि मार्कअप परत मिळेलच असे नाही.

कर्जाऊ कार्डाचा रस्ता सोपा वाटतो. ‘एवढे कशाला, माझ्या कार्डावरून भरतो’ म्हणणारा जिव्हाळ्याचा माणूस असेल तर उत्तमच. पण याच पट्ट्यात फी भरून देण्याचा धंदा करणारेही भेटतात. ते बाजारापेक्षा चढा दर लावतात आणि पावती देत नाहीत. त्याहून घातक म्हणजे निम्म्या किमतीत मिळणारे परीक्षा व्हाउचर. ते बऱ्याचदा चोरलेल्या कार्डावर घेतलेले किंवा दुसऱ्या देशासाठी काढलेले असते. व्हाउचर देशाशी आणि चलनाशी बांधलेले असते, ते इथल्या केंद्रावर चालत नाही, किंवा चालले तर नंतर निकाल रद्द होऊ शकतो. मग फी तर जातेच, पण त्या परीक्षेला पुन्हा बसण्याची संधीही धोक्यात येते.

‘परदेशी पैसे भरले की सरकार वीस टक्के कर कापते’ ही धास्तीही अनेकांनी घेतली आहे. परदेशात पाठवलेल्या पैशांवर उगमस्थानी वसूल होणारा तो कर एका आर्थिक वर्षातल्या ठराविक रकमेच्या पुढे लागतो. ती मर्यादा आधी सात लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली. क्रेडिट कार्डावरचा परदेशातला खर्च या कराच्या कक्षेत आणण्याचा निर्णयही सरकारने २८ जून २०२३ रोजी पुढे ढकलला. एका परीक्षेच्या फीला या कराची काळजी करण्याचे कारण नाही. भीतीपोटी कोणा मध्यस्थाकडे जाणे तर मुळीच नको.

खरी काळजी घ्यावी ती रुपयांत दाखवलेल्या किमतीची. परदेशी संकेतस्थळ कधीकधी ‘रुपयांत भरा’ असा पर्याय पुढे करते. ते बघून सुटल्यासारखे वाटते. पण ते रूपांतर संस्थेचा मध्यस्थ आपल्या दराने करतो आणि तो दर कार्डाच्या जाळ्याच्या दरापेक्षा बहुतेक वेळा महाग असतो. वर आपल्या काही बँका, विक्रेता परदेशी आणि रक्कम रुपयांत असेल, तर त्याचे वेगळे एक टक्का शुल्क लावतात. म्हणजे दोन्हीकडून कात्री. अशा वेळी डॉलरमध्येच भरावे. मात्र भारतासाठी ठरवलेली रुपयातली फी ही वेगळी गोष्ट आहे. ती कशी ओळखायची? दोन-तीन दिवसांनी किंमत पुन्हा बघावी. रुपयांचा आकडा डॉलरच्या दराबरोबर हलत असेल तर ते नुसते रूपांतर आहे. आकडा ठाम असेल आणि डॉलरच्या फीशी त्याचा मेळ बसत नसेल तर ती खरोखर प्रादेशिक किंमत आहे.

इथून पहिल्या मुद्द्याकडे येतो. सारखी फी हा न्याय आहे का? चाळीस हजार पगाराच्या माणसाला ही फी तीन महिन्यांच्या पगाराएवढी पडते. जिथे नवख्या कर्मचाऱ्याचा महिना हजारो डॉलरमध्ये मोजला जातो तिथे ती काही दिवसांची कमाई आहे. एकाच आकड्यातला हा फरक इतका उघड आहे की तो मांडावा लागतो याचेच वाईट वाटते.

‘पण फी कमी केली तर परीक्षेचा दर्जा घसरेल’ असे म्हणणाऱ्यांना लांब कुठे फोन करण्याचीही गरज नाही, शेजारच्या टेबलावर विचारले तरी पुरे. इथले कितीतरी अभियंते मायक्रोसॉफ्टच्या परीक्षा देतात. त्या कंपनीने परीक्षेची फी, परीक्षा ज्या देशात दिली जाते त्यावर ठरवली आहे. मूलभूत पातळीची जी परीक्षा अमेरिकेत ९९ डॉलरला होती तीच भारतात चार हजार रुपयांच्या आत मिळत आली आहे, म्हणजे निम्म्याहूनही कमी. प्रमाणपत्र तेच. ‘भारतात स्वस्तात दिली’ असा शिक्का त्यावर नसतो, आणि नोकरी देणारा कोणी तसे विचारत नाही. दुसरे उदाहरण जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेचे. जपानी कंपन्यांमुळे या पट्ट्यात ती देणारे बरेच आहेत. चेन्नईत ती एबीके-एओटीएस दोसोकाय ही संस्था घेते, पुण्यात जपानी शिक्षकांची संघटना. फी स्थानिक संस्था रुपयांत घेते आणि ती जपानमध्ये भराव्या लागणाऱ्या ७,५०० येनपेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे जेएलपीटीच्या एन-२ प्रमाणपत्राला टोकियोत कमी मान मिळतो असे कोणी म्हणेल का? लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटही देशाप्रमाणे फी वेगवेगळी ठेवते. दर्जा प्रश्नपत्रिका आणि तपासणी ठरवतात, फीची पावती नव्हे.

विरोधकांच्या बोलण्यात एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. किंमत देशानुसार ठेवली की श्रीमंत देशातला माणूस गरीब देशाचा रहिवासी असल्याचे भासवून स्वस्तात घेऊ शकतो. पुस्तके आणि संगणक प्रणालींत हे सर्रास होते. पण परीक्षेत ते सगळ्यात अवघड आहे. परीक्षार्थीला ओळखपत्र घेऊन ठरलेल्या शहरातल्या ठरलेल्या खुर्चीवर बसावे लागते. चेन्नईच्या केंद्रावर बसण्याची फी कमी असली म्हणून बॉस्टनचा माणूस विमानाचे तिकीट काढून इथे येणार नाही. घरून देण्याच्या परीक्षेत ही पळवाट जरा रुंद होते, पण तिथेही ओळखपत्रावरचे नाव आणि देश तपासला जातोच. म्हणजे प्रादेशिक किंमत लावायला सगळ्यात सोयीची कोणती गोष्ट असेल तर ती परीक्षाच. ज्या संस्था आजही एकच डॉलर दर लावतात त्यांनी ‘शक्य नाही’ असे सांगू नये, ‘ठरवलेले नाही’ असे सांगावे.

आणि सवलत मागणे कमीपणाचे आहे, या तिसऱ्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. सीएफए इन्स्टिट्यूट स्वतः आर्थिक गरज असलेल्यांसाठी ‘अॅक्सेस स्कॉलरशिप’ देते. लिनक्स फाउंडेशनची ‘लिफ्ट’ शिष्यवृत्ती २०११ पासून चालू आहे, त्यात प्रशिक्षण आणि परीक्षा दोन्ही येतात. एडब्ल्यूएसची एक परीक्षा उत्तीर्ण झालात की पुढच्या परीक्षेवर निम्मी सवलत मिळते. हे सगळे संस्थांनी स्वतःहून ठेवलेले मार्ग आहेत, आणि ते वापरणारा कोणाच्या दारात उभा राहून हात पसरत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीही परकीय चलनातच. ती घेतल्याने त्यांच्या पदवीची किंमत कमी झाली असे म्हणण्याची हिंमत कोणात आहे? आणि आपण ज्या शहराच्या काठावर राहतो तिथे १९१२ मध्ये मराठी माणसांनीच महरट्टा एज्युकेशन फंड उभा केला, दक्षिणेतल्या मराठीभाषक विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मद्रासी मराठ्यांना मदत घेणे आणि देणे यात कमीपणा वाटला नाही.

शिष्यवृत्तीचा कमीपणा पसरवल्याने होते काय, तर मुले आधी फी भरतात आणि मग सवलत शोधतात. तेव्हा उशीर झालेला असतो. अर्जाची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, आणि भरून टाकलेली फी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून परत करण्याची पद्धत सहसा नसते. म्हणून क्रम उलटा हवा. आधी संस्थेच्या पानावर सवलत आणि भारतासाठीची किंमत बघायची, शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा, त्याच आठवड्यात कार्डाचे परदेशी बटण आणि मर्यादा तपासायची, आणि लवकर नोंदणीच्या तारखेच्या महिनाभर आधी कुठले तरी छोटे परदेशी बिल भरून कार्ड चालते का ते बघायचे. मार्कअप न लावणारी किंवा दोन टक्केच लावणारी कार्डेही आता मिळतात. पण नवे कार्ड यायला आणि त्याची मर्यादा वाढायला वेळ लागतो, त्यामुळे तो निर्णयही आधीच घ्यावा लागतो.

रक्कम मोठी असेल आणि संस्था बँकेतून थेट पाठवलेले पैसे घेत असेल तर कार्डाची मर्यादा आड येत नाही. बँकेत ए-२ अर्ज भरायचा, पॅन द्यायचा, शिक्षण-सेवेचा हेतू कोड लिहायचा. इथे एकच सापळा आहे. मधल्या बँकांचे शुल्क कोण सोसणार हे अर्जात ठरते. ते पाठवणाऱ्याने सोसायचे असे नमूद केले नाही तर १,३४० डॉलर पाठवूनही पलीकडे पंधरा-वीस डॉलर कमी पोहोचतात, फी अपुरी ठरते आणि नोंदणी अडकते. शिवाय संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक पैशांबरोबर गेला नाही तर ते कोणाचे हे पलीकडे कळत नाही.

हे सगळे एकेका मुलीने एकटीने शोधून काढावे अशी अपेक्षा आपण का ठेवतो? ओरगडमच्या कारखान्यांत कंपनीचे कार्ड असते, मोठ्या मर्यादेचे. परीक्षा पास झाल्यावर पैसे परत देणाऱ्या कंपन्यांनी ते आधीच कंपनीच्या कार्डावरून भरावेत आणि नापास झाल्यास पगारातून हप्त्याने कापावेत. कंपनीचा खर्च तेवढाच राहतो, आणि मुलीची लवकर नोंदणी वाचते. चेन्नईतल्या मराठी मंडळींनीही एक फिरता निधी काढावा. दहा जणांनी पंचवीस हजार घातले की अडीच लाख होतात, एका वेळी दोघांची फी निघते, आणि ते दोघे दहा महिन्यांत परतफेड करतात. आणि ज्या वरिष्ठांना सारखी फी हा न्याय वाटतो, त्यांना एकच विनंती आहे: त्यांच्यापैकी अनेक जण या परदेशी संस्थांचे सदस्य आहेत, त्यांच्या पत्रांना तिथे उत्तर मिळते. चेन्नई आणि पुण्याच्या केंद्रांवरची फी तिथल्या पगारांशी जोडावी, एवढी मागणी करणारे पत्र त्यांनी आपल्या सदस्यत्व क्रमांकासह या महिन्यात पाठवावे.